80सी भरलं असं वाटतं, पण पेरोल म्हणतं जागा आहे: गुंतवणूक-पुराव्यांचा तक्ता कसा मांडावा

प्रश्न: कंपनीने 2025-26 साठी गुंतवणुकीचे पुरावे मागितलेत. मी एक्सेलमध्ये तक्ता केला: गुंतवणूक, मर्यादा, भरलेली रक्कम, उरलेली जागा. पीएफ (महिना 1,800, डिसेंबरपर्यंत 16,200), आयुर्विमा 32,000 (विमा रक्कम 3 लाख), मुलीच्या शाळेचे 1,12,000, पीपीएफ 20,000. म्हणजे 80सी दीड लाखाच्या वर 30,200 गेलं. पेरोलवाले म्हणतात अजून 20,400 ची जागा आहे. कोण बरोबर? बाकी एनपीएस 30,000, घरचा मेडिक्लेम 3 वर्षांचा एकदम 64,500, आई-वडिलांचा (दोघे साठीच्या पुढचे) 42,000, स्वतःची तपासणी 2,000. पगार वर्षाला 20 लाख, त्यात बेसिक 80,000 आणि एचआरए 40,000 महिन्याला. मुलुंडला भाड्याने राहतो, भाडं 46,000. जुनी करपद्धत घेतली आहे. उरलेली जागा भरून टाकू का?

उत्तर:

पेरोलवाले बरोबर आहेत. तुमची बेरीज चुकलेली नाही, चूक रकान्यांत आहे. भरलेली रक्कम आणि पात्र रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमच्या तक्त्यात त्या एकाच रकान्यात बसल्या आहेत. आपण घेतलेली पावती खिशातून गेलेले पैसे सांगते. त्यातले किती कायद्याला चालतात, हे पावतीवर लिहिलेलं नसतं. म्हणून प्रत्येक ओळीत दोन आकडे हवेत, आणि उरलेली जागा दुसऱ्या आकड्यावरून काढायची.

दुसरी गोष्ट मर्यादेची. बऱ्याच तक्त्यांत प्रत्येक ओळीसमोर 1,50,000 लिहिलेलं असतं आणि त्यातून त्या ओळीची रक्कम वजा केलेली असते. मग पीपीएफसमोर 1,30,000 उरलेले दिसतात, विम्यासमोर 1,18,000, आणि माणूस गोंधळतो. दीड लाख ही पीएफ, पीपीएफ, आयुर्विमा, शिकवणी शुल्क, करबचत म्युच्युअल फंड, 5 वर्षांची करबचत ठेव, गृहकर्जाची मुद्दल या सगळ्यांची मिळून एकच मर्यादा आहे. मर्यादा गटाला असते, ओळीला नसते. तेव्हा तक्त्याचे दोन भाग करा: वर तपशिलाच्या ओळी, त्यात मर्यादा लिहायचीच नाही, खाली किंवा बाजूला गटांचा छोटा तक्ता, मर्यादा आणि उरलेली जागा फक्त तिथे.

तुमच्या 80सीच्या ओळी अशा होतात:

| तपशील | भरले किंवा मार्चपर्यंत भरणार | पात्र |
|---|---|---|
| पीएफ, स्वतःचा वाटा | 21,600 | 21,600 |
| आयुर्विमा | 32,000 | 30,000 |
| शाळा | 1,12,000 | 58,000 |
| पीपीएफ | 20,000 | 20,000 |
| एकूण | 1,85,600 | 1,29,600 |

पीएफमध्ये तुम्ही डिसेंबरपर्यंतचे 16,200 धरलेत. मर्यादा पूर्ण आर्थिक वर्षाची असते आणि जानेवारी ते मार्चची कपात होणारच आहे, म्हणून 1,800 गुणिले 12. तुमचं बेसिक 80,000 असूनही कपात 1,800 च आहे, कारण तुमची कंपनी 15,000 च्या वैधानिक वेतनमर्यादेवर 12 टक्के कापते. पूर्ण बेसिकवर कापणाऱ्या कंपनीत हाच आकडा महिन्याला 9,600 झाला असता आणि 80सीचा मोठा भाग तिथेच संपला असता. मित्राचा तक्ता उचलून आणला की घोळ होतो तो इथे. कंपनी पीएफमध्ये जो स्वतःचा वाटा घालते तो 80सीत येत नाही. पगारपत्रकावर दोन्ही शेजारी छापलेले असतील तर कपातीच्या बाजूचाच घ्या. आणखी एक: पीएफ पेरोल आपोआप धरतं. पोर्टलवर तो तुम्ही पुन्हा भरला तर दोनदा मोजला जाण्याची शक्यता असते. तक्त्यात ओळ ठेवा, पोर्टलवर भरण्याआधी तिथे आकडा आधीच दिसतोय का ते पाहा.

विम्याची ओळ सगळ्यात जास्त वेळा फसते. 1 एप्रिल 2012 नंतर घेतलेल्या पॉलिसीला वर्षाच्या हप्त्यापैकी विमा रकमेच्या 10 टक्क्यांपर्यंतच वजावट मिळते. 3 लाखांचे 10 टक्के 30,000, म्हणून वरचे 2,000 गेले. त्याआधीच्या पॉलिसीला हीच मर्यादा 20 टक्के आहे. तुमची पॉलिसी जुनी असेल तर तारीख तपासा, 32,000 पूर्ण चालतील. स्वतःच्या, जोडीदाराच्या आणि मुलांच्या पॉलिसीचा हप्ता चालतो. आई-वडिलांच्या आयुर्विम्याचा हप्ता तुम्ही भरला तरी 80सीत चालत नाही. मेडिक्लेमला आई-वडील चालतात म्हणून इथेही चालतील असं बरेच जण समजतात, ते तसं नाही.

शाळेच्या 1,12,000 पैकी 58,000 हा आकडा पेरोलने बहुधा पावतीवरच्या शिकवणी शुल्काच्या ओळींची बेरीज करून काढला असणार, कारण बाकीचे तीन आकडे धरल्यावर 20,400 ची जागा नेमकी त्यानेच जुळते. एकदा स्वतः पावत्या काढून ताडून पाहा. फक्त शिकवणी शुल्क चालतं. टर्म फी, विकास निधी, देणगी, बस, गणवेश, कॉम्प्युटर लॅब, डबा, स्नेहसंमेलन यातलं काही चालत नाही. शाळेने एकच ठोक रक्कम लिहिलेली पावती दिली असेल तर ती पुरावा म्हणून अडते. ऑफिसमधून फीची फोड असलेलं पत्र किंवा प्रमाणपत्र घ्या. आपल्याकडे शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं आणि कराचं एप्रिलला, तिथेही गोंधळ होतो. इथे मोजायचं ते पैसे कधी भरले यावर. पुढच्या इयत्तेचा पहिला हप्ता मार्चमध्ये भरलात तर तो याच आर्थिक वर्षात येतो. नवरा-बायको दोघेही नोकरीत असतील तर प्रत्येकाला दोन मुलांपर्यंत वजावट आहे, पण एक पावती दोघांच्या तक्त्यांत नको.

म्हणजे 80सीत खरंच 20,400 ची जागा आहे. तुमचे आकडे एकीकडे शाळेमुळे फुगले होते, दुसरीकडे पीएफमुळे कमी पडले होते, आणि फुगवटा मोठा होता.

आता बाकीचे गट. एनपीएस टियर-1 मध्ये स्वतः भरलेल्या रकमेला 80सीसीडी(1बी) खाली वेगळे 50,000 मिळतात. ते दीड लाखाच्या बाहेर आहेत, म्हणून त्याला स्वतंत्र गट द्या. टियर-2 त्यात येत नाही, आणि कंपनी पगारातून वेगळं एनपीएस घालत असेल तर तेही इथे लिहायचं नाही. त्याचं कलम निराळं आहे.

मेडिक्लेमचे दोन गट करावे लागतात: स्वतः, जोडीदार आणि मुलं यांना 25,000, आई-वडिलांना 25,000, आणि ते 60 च्या पुढचे असतील तर 50,000. तीन वर्षांचा हप्ता एकदम भरला असेल तर पूर्ण 64,500 या वर्षी दाखवायचे नाहीत. तुमची पॉलिसी 1 एप्रिल 2025 ला सुरू होऊन तीन आर्थिक वर्षं चालत असेल तर वर्षाला 21,500. विमा कंपनी कर-प्रमाणपत्रावर वर्षवार रक्कम देते, तोच आकडा घ्या आणि ते प्रमाणपत्र पुढच्या दोन वर्षांसाठी जपून ठेवा. तेव्हा बँकेच्या उताऱ्यात ही रक्कम दिसणार नाही. तुम्ही या वर्षी 25,000 मागितले असते आणि पुढची दोन वर्षं काहीच मागितलं नसतं, तर 39,500 ची वजावट वाया गेली असती.

त्यात तुमची तपासणी 2,000. प्रतिबंधक आरोग्य तपासणीला 5,000 पर्यंत वजावट आहे, पण ती 25,000 किंवा 50,000 च्या आतच मोजतात, आणि हे 5,000 तुमचे व आई-वडिलांचे मिळून आहेत. हप्ता रोखीने भरलेला चालत नाही, तपासणी रोखीने केलेली चालते. पावती मात्र हवी.

गटांचा तक्ता असा:

| गट | मर्यादा | पात्र बेरीज | उरलेली जागा |
|---|---|---|---|
| 80सी | 1,50,000 | 1,29,600 | 20,400 |
| 80सीसीडी(1बी) | 50,000 | 30,000 | 20,000 |
| 80डी, स्वतः | 25,000 | 23,500 | 1,500 |
| 80डी, आई-वडील | 50,000 | 42,000 | 8,000 |

शेवटच्या दोन ओळींपाशी थांबा. आकड्याने 9,500 ची जागा दिसते, पण ती भरायची कशाने? हप्ता आधीच भरलेला आहे. आई-वडिलांच्या औषधपाण्याचा खर्च 80डीत चालतो तो विमा नसलेल्या ज्येष्ठांचा. तुमच्या आई-वडिलांना मेडिक्लेम आहे, म्हणून तो दरवाजा बंद. उरते तपासणी, आणि तिचे 5,000 पैकी 2,000 वापरले गेले. म्हणजे 9,500 च्या दिसणाऱ्या जागेपैकी वापरता येणारी 3,000. म्हणून या तक्त्यात मी नेहमी आणखी एक रकाना ठेवायला सांगतो: ‘कशाने भरता येईल’. तो रिकामा राहिला तर जागेच्या आकड्याला काही अर्थ नाही. आणि फक्त कर वाचवायला 3,000 ची तपासणी करू नका. 3,000 खर्चून 936 रुपये वाचतात. आई-वडिलांची तपासणी तशीही करायची असेल तर ती 31 मार्चच्या आत उरका, इतकंच.

एक्सेलची सूत्रं साधी आहेत. वरच्या भागात A रकान्यात गटाचं नाव, E मध्ये भरलेली रक्कम, F मध्ये मार्चपर्यंत भरायची, G मध्ये पात्र रक्कम, आणि विम्याच्या ओळीसाठी H मध्ये विमा रक्कम. बाजूच्या छोट्या तक्त्यात J गट, K मर्यादा, L पात्र बेरीज, M मागायची रक्कम, N उरलेली जागा.

```
G3: =MIN(E3+F3, 10%*H3)
L2: =SUMIFS($G$2:$G$40,$A$2:$A$40,J2)
M2: =MIN(K2,L2)
N2: =MAX(0,K2-L2)
```

पहिलं सूत्र फक्त विम्याच्या ओळीचं. L2 चं सूत्र दोन ठिकाणी गप्प चुकतं, म्हणजे चूक दाखवत नाही, नुसता कमी आकडा देतं. एक, A मध्ये ‘80सी’ आणि J मध्ये ‘80 सी’ असं एका मोकळ्या जागेच्या फरकाने लिहिलं तर ती ओळ बेरजेत येतच नाही. दोन, G मध्ये रक्कम ‘58,000/-’ अशी लिहिली की एक्सेल तिला मजकूर समजतं आणि सोडून देतं. ओळखायची खूण सोपी: आकडा आपोआप उजवीकडे सरकतो, मजकूर डावीकडे चिकटतो. G रकान्याची सरळ बेरीज आणि L रकान्याची बेरीज एकसारखी येते का ते पाहा. न आल्यास एखाद्या ओळीला गट सापडलेला नाही. मजकूर झालेला आकडा मात्र दोन्ही बेरजांतून गळतो, तिथे ही ताडणी उपयोगाची नाही. तो डोळ्यांनीच शोधावा लागतो.

घरभाडं या गटांमध्ये घालू नका. त्याला ‘उरलेली जागा’ नसते; तीन आकड्यांपैकी सर्वात लहान तो सूट मिळालेला. तुमच्या बाबतीत: मिळालेला एचआरए 4,80,000. भाडं 5,52,000 वजा बेसिकचे 10 टक्के 96,000, म्हणजे 4,56,000. आणि बेसिकचे 50 टक्के, 4,80,000. सर्वात लहान 4,56,000.

```
=MAX(0,MIN(480000, 552000-10%*960000, 50%*960000))
```

यातले 50 टक्के मुंबईतल्या घराला आहेत, आणि इथे घराचा पत्ता पाहतात, ऑफिसचा नाही. 2025-26 च्या नियमात 50 टक्क्यांची शहरं चारच आहेत: मुंबई, कोलकाता, दिल्ली, चेन्नई. ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, वसई-विरार, कल्याण-डोंबिवली यांना 40 टक्के. मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे 50, पलीकडे 40. तुम्ही त्याच भाड्याने ठाण्यात राहत असता तर तिसरा आकडा 3,84,000 झाला असता आणि सूट 72,000 ने घटली असती. दहिसर आणि मीरा रोडचंही तेच, मानखुर्द आणि वाशीचंही. लोकलच्या एका स्टेशनाचा फरक. वर्षाच्या मध्ये नाका ओलांडून घर बदललं असेल तर महिन्यांप्रमाणे दोन वेगळे हिशोब करून बेरीज करा.

भाड्याच्या पुराव्यात मुंबईकरांचं नेहमी एकच अडतं. लीव्ह अँड लायसन्स बहुधा 11 महिन्यांचं असतं आणि आर्थिक वर्ष 12 महिन्यांचं, म्हणजे एका वर्षाला जवळजवळ कायम दोन करार लागतात. एकच जोडला की उरलेल्या महिन्यांचं भाडं पेरोल नाकारतं. दोन्ही नोंदणीकृत करार, भाडेपावत्या आणि बँकेतून पैसे गेल्याचा उतारा एकत्र ठेवा. वर्षाचं भाडं 1,00,000 च्या वर असल्याने घरमालकाचा पॅन लागतोच. अनामत आणि दलाली म्हणजे भाडं नव्हे. आणि पुढच्या करारात 10 टक्के वाढ लागली तर 46,000 चे 50,600 होतात; महिन्याचं भाडं 50,000 च्या वर गेलं की त्यातून 2 टक्के टीडीएस कापून भरण्याची जबाबदारी भाडेकरूवर, म्हणजे तुमच्यावर येते. ते घरमालकाशी करार करतानाच बोलून घ्या.

आता तुमचा खरा प्रश्न: जागा भरून टाकू का?

‘80सी आणि एनपीएसचे मिळून 40,400 भरले की 31.2 टक्क्यांनी साडेबारा हजार वाचतात’ असं तुम्हाला कोणीही सांगेल. जुन्या पद्धतीच्या आत तो हिशोब बरोबर आहे. पण तुमच्यासमोर नवी पद्धतही आहे, आणि तुलना तिच्याशी करायला हवी. नव्या पद्धतीत 20,00,000 मधून 75,000 ची प्रमाणित वजावट जाऊन 19,25,000 राहतात. त्यावर कर 1,85,000, उपकर धरून 1,92,400. यात एक पैसाही गुंतवावा लागत नाही, एकही पावती लागत नाही.

जुन्या पद्धतीत आज तुमच्या वजावटी अशा: भाडं 4,56,000, प्रमाणित वजावट 50,000, व्यवसाय कर 2,500 (महाराष्ट्रात 11 महिने 200 आणि फेब्रुवारीत 300, तो पेरोल स्वतःच धरतं), 80सी 1,29,600, एनपीएस 30,000, मेडिक्लेमचे दोन्ही मिळून 65,500. एकूण 7,33,600. करपात्र 12,66,400, उपकरासह कर 2,00,117. म्हणजे आज, आहे त्या स्थितीत, जुनी पद्धत घेऊन तुम्ही 7,717 जास्त भरताय.

80सी आणि एनपीएसची जागा पूर्ण भरली तर वजावटी 7,74,000, करपात्र 12,26,000, कर 1,87,512. नव्यापेक्षा 4,888 कमी.

याचा अर्थ असा. दोन्ही पद्धतींचा कर सारखा होण्यासाठी तुम्हाला सुमारे 7,58,333 वजावट हवी. आज 24,733 कमी पडतात. तेव्हा नव्याने घातलेले पहिले 24,733 रुपये करात तुम्हाला काहीच मिळवून देत नाहीत. ते फक्त जुन्या पद्धतीला नव्याच्या बरोबरीला आणतात. त्यावरच्या 15,667 वर काय ते 4,888 वाचतात. फक्त 80सीचे 20,400 भरून थांबलात तर तेवढ्यानेही बरोबरी होत नाही. त्यापेक्षा नवी पद्धत घ्यावी हे बरं. अर्धवट भरण्यात तुमच्या आकड्यांना अर्थ नाही. एक तर पूर्ण, नाहीतर मुळीच नाही.

माझं मत विचाराल तर पीपीएफचे 20,400 तुम्ही तशीही घालणार असाल आणि एनपीएसचे 20,000 निवृत्तीपर्यंत अडकले तरी चालणार असतील, तरच जुनी ठेवा. 4,888 रुपयांसाठी 40,400 बांधून ठेवण्यासारखं त्यात काही नाही. ठाण्यात राहणाऱ्याला तर हा विचारही करायला नको: तिथे सगळं भरूनही जुन्या पद्धतीचा कर 2,09,976 येतो, नव्यापेक्षा 17,576 जास्त. हा हिशोब तुमच्याच पगाराचा आहे. गृहकर्जाचं व्याज असेल, भाडं कमी-जास्त असेल, तर बरोबरीचा आकडा तोच राहतो पण तुम्ही त्याच्या कोणत्या बाजूला पडता ते बदलतं. म्हणून गटांच्या तक्त्याखाली एक ओळ कायम ठेवा: एकूण वजावटी, बरोबरीची रक्कम, आणि दोन्हींतला फरक. 80सीच्या जागेपेक्षा ती ओळ आधी बघायची.

कंपनीकडे जुनी कळवली आहे म्हणून अडकलात असं नाही. पगारदाराला, धंद्याचं उत्पन्न नसेल तर, विवरणपत्र भरताना पद्धत दर वर्षी बदलता येते. उलट दिशेने जायचं असेल, म्हणजे कंपनीने नवीप्रमाणे टीडीएस कापला आणि तुम्हाला जुनी हवी, तर विवरणपत्र मुदतीच्या आत भरणं आवश्यक. मुदत टळली की जुनी मिळत नाही. पुरावे देण्याची कंपनीची जानेवारीची तारीख चुकली तर वजावट बुडत नाही, फेब्रुवारी-मार्चच्या पगारातून जास्त कर कापला जातो आणि तो परतावा म्हणून मागावा लागतो.

तक्त्यात दस्तऐवज क्रमांकाचा रकाना मी आवर्जून सांगेन. पूर्वी विवरणपत्रात 80सीसमोर नुसती रक्कम लिहून चालायचं. आता तिथे पॉलिसी किंवा खात्याचा क्रमांक, मेडिक्लेमच्या कंपनीचं नाव आणि पॉलिसी क्रमांक, एचआरएसाठी भाडं आणि बेसिकचे आकडे असं सगळं विचारतात. ते जुलैमध्ये शोधत बसण्यापेक्षा आत्ता फॉर्म 12BB भरताना पावती हातात आहे तोवर लिहून घ्या. फॉर्म 12BB मधली रक्कम, तुमच्या M रकान्यातली रक्कम आणि नंतर येणाऱ्या फॉर्म 16 च्या भाग ब मधली रक्कम गटागटाने जुळली पाहिजे. न जुळल्यास पेरोलने कोणती पावती नाकारली ते त्या गटावरून लगेच कळतं.

कलमांचे हे क्रमांक 2025-26 पुरते ठीक. 1 एप्रिल 2026 पासून आयकर अधिनियम 2025 लागू होतो आणि क्रमांक बदलतात, म्हणून पुढच्या वर्षी हाच तक्ता वापरायचा असेल तर A रकान्यात क्रमांकाऐवजी ‘दीड लाखाचा गट’, ‘एनपीएस जादा’ अशी नावं ठेवलीत तर सूत्रांना हात लावावा लागणार नाही.

जागा भरायचंच ठरवलं तर तारखांकडे लक्ष द्या. पीपीएफमध्ये 5 मार्चच्या आत पैसे जमा झाले तर मार्चचं व्याज त्यावर मिळतं. एनपीएसचे पैसे शेवटच्या दोन-तीन दिवसांवर ठेवू नका. करबचत फंडात युनिट मिळाल्याची तारीख पुरावा म्हणून छापून येते. 31 मार्चला संध्याकाळी पैसे वळवले आणि युनिट 1 एप्रिलच्या तारखेने आले, तर ती ओळ पुढच्या वर्षाच्या तक्त्यात लिहावी लागेल.